पार्सलमध्ये भलताच माल निघाला? टेप कापण्याआधीच्या व्हिडिओपासून बीदरच्या ग्राहक आयोगापर्यंत

राजेश्वर : सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या राजेश्वरसारख्या गावात आता मोबाइल, मिक्सर, साड्या, फवारणी पंपाचे सुटे भाग असं सगळं घरपोच येतं. माल नीट निघाला तर प्रश्न नाही. पण खोक्यात भलतीच वस्तू निघाली, जुनी वापरलेली निघाली किंवा पहिल्याच दिवशी बंद पडली, की खरी अडचण सुरू होते. विकणारा दिल्लीत, कंपनीचं कार्यालय बेंगळुरूत, पार्सल आणणारा हुमनाबाद किंवा बसवकल्याणच्या केंद्रावरचा आणि घेणारा राजेश्वरात. कुणाला धरायचं, हेच कळत नाही.

कायदा अशा वेळी ग्राहकाच्या बाजूनं आहे. तरीही तक्रारी हातच्या जातात, त्या बहुतेक वेळा दोन कारणांनी. खोकं फोडताना पुरावा ठेवलेला नसतो, किंवा तक्रार करायला उशीर झालेला असतो. म्हणून पार्सल दारात आल्यापासून काय करायचं आणि कंपनीनं नकार दिला तर पुढं कुठं जायचं, याची ही क्रमवार माहिती.

ओटीपी देण्याआधी

महागड्या वस्तूंच्या डिलिव्हरीला बहुतेक कंपन्या ओटीपी मागतात. हा नंबर म्हणजे 'माल मिळाला' अशी तुमची पोच असते. गावात बऱ्याचदा डिलिव्हरी बॉय फोनवरच ओटीपी घेतो आणि पार्सल ओळखीच्या दुकानात किंवा स्टँडवर ठेवून जातो. संध्याकाळी शेतातून परतल्यावर ते घरी येतं. मधल्या वेळेत पार्सल कुणाच्या हातात होतं, हे मग कुणालाच सिद्ध करता येत नाही. त्यामुळं महागाची वस्तू असेल तर पार्सल समोर दिसल्याशिवाय ओटीपी सांगू नये. त्या दिवशी घरी कुणी नसेल तर ॲपमधून डिलिव्हरीची तारीख पुढं ढकलावी.

काही वस्तूंना 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' असते. म्हणजे डिलिव्हरी बॉयनं समोर खोकं उघडून वस्तू दाखवायची आणि ग्राहकानं बघितल्यावरच ओटीपी द्यायचा. ऑर्डरच्या पानावर तसं लिहिलेलं असतं. तिथं 'मला पुढं जायचंय, लवकर ओटीपी सांगा' ही घाई चालवून घेऊ नये. ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत 'ग्राहकानं माल बघून घेतला' असं चढतं आणि पुढची तक्रार जड जाते. वस्तू चुकीची दिसली तर ओटीपी न देता पार्सल तिथंच परत करावं.

साध्या डिलिव्हरीत खोकं आधी उघडू देत नाहीत. पण बाहेरून बघायला कुणाची आडकाठी नसते. टेप फाटलेली असेल, एका टेपवर दुसरी टेप चिकटवलेली असेल, खोकं एका बाजूनं दबलेलं असेल तर फोटो काढावा आणि पार्सल नाकारावं. नाकारलेल्या पार्सलचे पैसे परत मिळवणं हे घेतलेलं पार्सल परत करण्यापेक्षा सोपं असतं.

व्हिडिओ कसा काढायचा

खोकं फोडतानाचा व्हिडिओ असलाच पाहिजे, असं ग्राहक कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. मात्र अनेक विक्रेते परतीच्या अटींमध्ये तो मागतात. वाद झाला तर 'खोक्यात हेच होतं' हे सांगणारा दुसरा इतका पक्का पुरावा नसतो. चूक मात्र एक हमखास होते. लोक खोकं उघडून बघतात, भलतं काही दिसलं की मग मोबाइल काढतात. असा अर्धवट व्हिडिओ कंपनी सहज झटकून टाकते. व्हिडिओ टेप कापण्याआधी सुरू झाला पाहिजे.

एकानं मोबाइल धरावा, दुसऱ्यानं खोकं फोडावं. जागा उजेडाची असावी. क्रम असा ठेवावा :

१. आधी खोक्याच्या सहाही बाजू सावकाश दाखवाव्यात. प्रत्येक टेप शाबूत आहे हे दिसलं पाहिजे.

२. मग लेबल जवळून दाखवावं. त्यावरचं नाव, ऑर्डर नंबर आणि बारकोडखालचा कुरिअर नंबर वाचता आला पाहिजे. व्हिडिओ काढणाऱ्यानं तारीख आणि वेळ तोंडानं सांगावी.

३. जवळ किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर खोकं त्यावर ठेवून आकडा दाखवावा. लेबलवर वजन छापलेलं असेल तर दोन्ही आकडे एकाच व्हिडिओत येतील.

४. आता टेप कापावी. इथून पुढं खोकं एक क्षणही चौकटीबाहेर जाता कामा नये. व्हिडिओ मध्ये थांबवू नये, तुकड्यात काढू नये.

५. आतली वस्तू, बिल आणि सोबतचं सामान एकेक करून बाहेर काढावं. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि वस्तूवरचा सिरियल नंबर दोन्ही जवळून दाखवावेत.

६. वस्तू विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी असेल तर तिथंच सुरू करून बघावी. मिक्सर फिरतो का, टीव्हीचा पडदा फुटका तर नाही, मोबाइल चालू होतो का, हे त्याच व्हिडिओत आलं पाहिजे.

सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं काम आहे. डिलिव्हरी झाल्याची वेळ कंपनीच्या नोंदीत असतेच. व्हिडिओची वेळ तिच्या जितकी जवळ, तितकी 'मधल्या वेळात माल बदलला' असं म्हणायला जागा कमी राहते. आज घेतलेलं खोकं परवा फोडलं तर चांगला व्हिडिओसुद्धा दुबळा पडतो.

वजनाबाबत एक गोष्ट समजून घ्यावी. वजन कमी भरलं तर तो ग्राहकाच्या बाजूचा पुरावा आहे. पण वजन बरोबर भरलं म्हणजे आत खरा माल होता, असं होत नाही. कंपनी नकार देताना 'आमच्या नोंदीत पार्सलचं वजन बरोबर होतं' असं नेहमी सांगते. माल बदलणारे नेमकं त्याच वजनाचं काहीतरी आत घालतात.

मोबाइलचा नंबर खोटं बोलत नाही

मोबाइलच्या बाबतीत व्हिडिओइतकाच मोठा पुरावा म्हणजे पंधरा आकडी आयएमईआय नंबर. प्रत्येक फोनला तो वेगळा असतो. खोक्यावर तो छापलेला असतो आणि बऱ्याचदा बिलावरही असतो. फोन सुरू झाला की डायल करायच्या जागी हे दाबावं :

```
*#06#
```

नंबर पडद्यावर येतो. तो खोक्यावरच्या नंबरशी जुळला नाही तर खोक्यातला फोन बदललेला आहे, हे दुसऱ्या कशाशिवाय दिसतं. त्या नंबरचा फोन खरोखर कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे, हेही तपासता येतं. त्यासाठी KYM लिहून, जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर 14422 वर एसएमएस करायचा. दूरसंचार विभागाची ही सोय आहे. आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून ठेवावा.

या नंबरचा उपयोग किती होतो, हे ऑक्टोबर २०२१ मधल्या केरळातल्या प्रकरणात दिसलं. कोचीजवळच्या आलुवा इथल्या एका ग्राहकानं ७०,९०० रुपये भरून आयफोन १२ मागवला होता. खोक्यात भांडी घासायच्या साबणाची वडी आणि पाच रुपयांचं नाणं निघालं. त्यानं खोकं फोडताना व्हिडिओ काढला होता आणि आयफोनच्या रिकाम्या खोक्यावर आयएमईआय नंबर होता. तो पोलिसांत गेला. एर्नाकुलम ग्रामीणच्या सायबर पोलिसांनी नंबरचा माग काढला, तेव्हा तो फोन सप्टेंबरपासूनच झारखंडमध्ये वापरात असल्याचं दिसलं. म्हणजे ग्राहकानं ऑर्डर देण्याच्याही आधीपासून. पुढं त्याला पैसे परत मिळाले. रिकामं खोकं रागानं फेकून दिलं असतं तर हा माग लागला नसता.

म्हणून खोकं, लेबल, आतलं पुठ्ठ्याचं सामान, बिल यातलं काहीही निकाल लागेपर्यंत टाकू नये. व्हिडिओची मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि लेबलवरची बारीक अक्षरं पुसट होतात. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. मूळ फाइल कापू नये, तिच्यावर काही लिहू नये, गाणं लावू नये.

व्हिडिओ काढायचा राहिला तर

व्हिडिओ नाही म्हणून हक्क जात नाही. मग बाकीचे पुरावे गोळा करावे लागतात. खोकं आणि वस्तूचे लगेच काढलेले फोटो, न जुळणारा सिरियल नंबर, डिलिव्हरीनंतर तासा-दोन तासांत केलेली तक्रार, हे सगळं मोजलं जातं. वस्तू बंद पडलेली असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा जॉब शीट सगळ्यात कामाचा. वस्तू पहिल्यापासूनच बंद होती, असं सेंटरनं लिहून दिलं तर बदलून देताना कंपनीला फारसं बोलायला जागा उरत नाही. मात्र गल्लीतल्या मेकॅनिककडून वस्तू उघडून घेऊ नये. सील तुटलं की 'ग्राहकानं छेडछाड केली' हा आयता मुद्दा कंपनीला मिळतो.

पहिली तक्रार ॲपमध्येच

परतीची मुदत वस्तूप्रमाणे वेगळी असते. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ती बऱ्याचदा सात दिवसांचीच असते आणि त्यातही फक्त 'बदलून मिळेल', पैसे परत नाहीत, अशी अट असते. ऑर्डर देतानाच ही ओळ बघून तिचा स्क्रीनशॉट ठेवावा. मुदत डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते, खोकं फोडल्याच्या दिवसापासून नाही. लग्नात द्यायची वस्तू महिनाभर आधी मागवून कपाटात ठेवली तर मुदत कपाटातच संपते.

ॲपमध्ये 'ऑर्डर्स'वर जाऊन ती वस्तू निवडावी आणि परत किंवा बदल हा पर्याय घ्यावा. तिथं कारण विचारतात. लवकर उरकावं म्हणून कुणी 'आवडलं नाही' किंवा 'आता गरज नाही' असं कारण टाकतं आणि तिथंच फसतं. 'चुकीची वस्तू आली', 'वस्तू सदोष आहे', 'सामान कमी आहे' यातलं जे खरं असेल तेच निवडावं, कारण कायद्यानं मिळणारं संरक्षण त्याच कारणांना आहे. नंतर आलेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. चॅट केलं तर पडदा बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावेत. फोनवर बोलणं झालं तर तारीख, वेळ आणि समोरच्यानं सांगितलेलं नाव वहीत टिपावं.

इथं एक धोका आहे. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नये. तिथं भामट्यांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले असतात. पैसे परत करतो म्हणून ते मोबाइलचा पडदा त्यांना दिसेल असं ॲप टाकायला लावतात किंवा यूपीआयचा पिन मागतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. असं घडून खात्यातून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन करावा.

परत न्यायला माणूस आला की पुन्हा एकदा व्हिडिओ काढावा. वस्तू, तिचा सिरियल नंबर, खोक्यात भरणं, टेप लावणं आणि त्याच्या हातात देणं, सगळं त्यात यावं. 'परत आलेली वस्तू आमची नव्हेच' असं गोदामातून सांगितलं जाण्याचे प्रकार होतात. पार्सल घेतल्याचा मेसेज आल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये. आपल्या पिनकोडला परत नेण्याची सोय नसेल आणि 'तुम्हीच पाठवा' असं कंपनी म्हणाली, तर पत्ता आणि खर्च कोण देणार हे मेलवर लिहून घ्यावं. मगच पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवावं आणि पावती जपावी.

कंपनीनं नकार दिला तर तक्रार निवारण अधिकारी

कस्टमर केअरनं नकार दिला म्हणजे कंपनीनं शेवटचं उत्तर दिलं, असं नाही. केंद्र सरकारचे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यानुसार प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. पानाच्या अगदी तळाशी 'ग्रिव्हन्स' असा शब्द असतो, तिथं हा पत्ता सापडतो.

याच नियमांत विक्रेत्यावर एक थेट बंधन आहे. माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि घेतलेली रक्कम परत द्यायला नकार देता येत नाही. 'फक्त बदलून मिळेल' ही अट पुढं केली गेली तर या नियमाकडं बोट दाखवावं.

मेल लांबलचक नको. एक उदाहरण धरू. समजा, राजेश्वरच्या एका शेतकऱ्यानं मुलीच्या कॉलेजसाठी १३,९९९ रुपयांचा नवा मोबाइल मागवला. ३ तारखेला दुपारी पार्सल आलं, तासाभरात व्हिडिओ काढत फोडलं, तर आत वापरलेला फोन. आयएमईआय खोक्यावरचा वेगळा, फोनमधला वेगळा. त्याच दिवशी ॲपवर तक्रार केली. ५ तारखेला उत्तर आलं, 'तपासणीत बरोबर वस्तू पाठवल्याचं आढळलं, विनंती नामंजूर'. त्यानं ६ तारखेला अधिकाऱ्याला लिहायचं ते असं :

'ऑर्डर क्रमांक अमुक. डिलिव्हरी ३ तारखेला. खोक्यावरचा आयएमईआय नंबर हा, आत निघालेल्या फोनचा हा. टेप कापण्याआधीपासूनचा अखंड व्हिडिओ आणि फोटो जोडले आहेत. पहिली तक्रार त्याच दिवशी केली, तिचा क्रमांक हा, ती ५ तारखेला नाकारली. आपल्या तपासणीत कोणता आयएमईआय नंबर पाठवल्याची नोंद आहे ते कळवावं. १३,९९९ रुपये ज्या खात्यातून दिले त्याच खात्यात परत करावेत.'

यातला नंबर विचारणारा प्रश्न महत्त्वाचा. 'वस्तू बरोबर होती' असं मोघम उत्तर देणं सोपं असतं. पण नंबर विचारला की कंपनीला आपली नोंद दाखवावी लागते. नाहीच दाखवली तर ते मौनही पुढं आयोगासमोर बोलतं. मेल हिंदीत किंवा इंग्रजीत केला तर उत्तर लवकर येतं. लिहायला गावातल्या कॉलेजच्या पोरांची मदत घ्यावी, मजकूर मात्र एवढाच ठेवावा.

१९१५ : मराठीतून तक्रार

अधिकाऱ्याकडून ४८ तासांत पोचही आली नाही किंवा उत्तर पटण्यासारखं नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर १९१५, फोन मोफत. इथं सतरा भाषांत बोलता येतं, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. consumerhelpline.gov.in या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. बिल, ऑर्डर क्रमांक आणि कंपनीचं नकाराचं उत्तर जवळ ठेवूनच फोन करावा. नोंद झाली की क्रमांक मिळतो.

हेल्पलाइन काय करते आणि काय नाही, हे आधी माहीत असावं. ती तक्रार थेट कंपनीच्या ठरलेल्या माणसाकडं पाठवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्या हेल्पलाइनशी जोडलेल्या असल्यामुळं बरीच प्रकरणं इथंच मिटतात. पण ही खटल्याआधीची पायरी आहे. पैसे परत द्या, असा हुकूम हेल्पलाइन काढू शकत नाही. कंपनीनं तिथंही नाही म्हटलं तर तक्रार बंद होते आणि पुढचा रस्ता आयोगाचा उरतो.

सीमेवरच्या ग्राहकासाठी : दावा बीदरलाच

राजेश्वर, बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, आळंद या पट्ट्यातली खरेदी नेहमीच दोन राज्यांत विभागलेली असते. बिल सोलापूरचं किंवा उमरग्याचं, घर कर्नाटकात. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात विकणारा जिथं असेल किंवा व्यवहार जिथं घडला असेल तिथं दावा करावा लागायचा. सोलापूरच्या दुकानातला फ्रिज बिघडला तर तारखांना सोलापूरला जा. दोन-चार हजारांच्या वस्तूसाठी कुणी जात नसे.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि हे बदललं. आता ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा करता येतो. म्हणजे राजेश्वरच्या माणसाला दिल्लीच्या विक्रेत्यावर किंवा सोलापूरच्या दुकानावर बीदरच्या आयोगात तक्रार करता येते, आळंदच्या माणसाला कलबुर्गीत. फक्त आपण इथं राहतो हे दाखवणारं आधार किंवा मतदार कार्ड जोडावं.

मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे. वकील लावायची सक्ती नाही. तक्रार e-jagriti.gov.in या संकेतस्थळावरून घरबसल्या भरता येते. जानेवारी २०२५ पासून ही नवी सोय सुरू झाली आहे. भाषा मात्र बघावी लागते. बीदरचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालतं. मराठी बिलं आणि मेल असतील तर त्यांचं भाषांतर सोबत द्यावं.

तक्रारीत आधी तारखांची यादी द्यावी : ऑर्डर, डिलिव्हरी, पहिली तक्रार, नकार, अधिकाऱ्याला मेल, हेल्पलाइन. मग काय मागायचं ते : वस्तूची किंमत, झालेल्या त्रासाची भरपाई, दाव्याचा खर्च. सोबत प्रतिज्ञापत्र, बिल, स्क्रीनशॉट आणि पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ. व्हिडिओ कोणत्या मोबाइलवर काढला आणि त्यात बदल केलेला नाही, हे सांगणारं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या परिशिष्टात कलम ६३ खालचा त्याचा नमुना आहे. ते तयार करायला वकिलाची मदत घ्यावी.

दावा विक्रेता आणि ऑनलाइन कंपनी दोघांवर करावा. वस्तूतच दोष असेल तर बनवणाऱ्या कंपनीलाही जोडावं. नाहीतर 'आम्ही फक्त मधले' असं एक म्हणतो आणि दुसरा येतच नाही. विक्रेत्याचं नाव-पत्ता बिलावर असतो. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तो ग्राहकाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो. सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजर राहण्याची मागणी करता येते. निकाल लागूनही पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करता येतो. हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगवास किंवा किमान २५ हजारांचा दंड अशी तरतूद आहे.

दुकानातली खरेदी आणि 'माल परत घेतला जाणार नाही'

हाच कायदा गावातल्या दुकानालाही लागू आहे. अनेक बिलांच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असतं. सदोष मालाच्या बाबतीत ही ओळ दुकानदाराला वाचवत नाही. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलच न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणून 'बिल घेतलं तर जीएसटी पडेल' या बोलण्यावर जाऊन कोरं बिल घेऊ नये. बिल नसलं तर पुढचं सगळं अवघड होतं.

कुठं हक्क चालत नाही

रंग आवडला नाही, घरी आल्यावर माप बसलं नाही, दुसरीकडं स्वस्त मिळालं, अशा कारणांसाठी माल परत घेण्याची सक्ती कायद्यात नाही. तिथं दुकानाचं किंवा कंपनीचं स्वतःचं धोरण चालतं. जाहिरातीत माप चुकीचं दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

पुन्हा विकण्यासाठी माल मागवणारा दुकानदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. पण स्वतःचं पोट भरण्यासाठी शिलाई मशिन घेणारी बाई किंवा स्वतः चालवण्यासाठी पिठाची गिरणी घेणारा माणूस ग्राहकच असतो.

आणि शेवटची मर्यादा काळाची. वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. कंपनीशी मेलामेली चालू आहे किंवा हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे, म्हणून ही दोन वर्षं थांबत नाहीत.

घरात लिहून ठेवायचा हिशेब

डिलिव्हरीच्या दिवशी : व्हिडिओ, नंबर जुळवणं, ॲपवर तक्रार.

परतीची मुदत : डिलिव्हरीपासून मोजायची, बऱ्याचदा सातच दिवस.

तक्रार निवारण अधिकारी : पोच ४८ तासांत, निकाल एका महिन्यात.

हेल्पलाइन : १९१५, मराठीत.

जिल्हा आयोग : बीदर किंवा कलबुर्गी, ५ लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत.

निकाल विरोधात गेला तर : ४५ दिवसांत राज्य आयोगाकडं अपील.